जामठ्याचे पायचीत

फेब्रुवारी २०२३ मध्ये नागपूरच्या जामठा मैदानावर ऑस्ट्रेलियाचा दुसरा डाव ९१ धावांत आटोपला. अश्विनने पाच बळी घेतले आणि त्यातले चार पायचीत! त्यात वॉर्नर, रेनशॉ आणि कॅरी हे तिघे डावखुरे. आपल्याकडे "चेंडू स्टंपवर जात होता ना, मग आऊट" असं छातीठोकपणे सांगणारे पुष्कळ असतात. पण नियम सगळ्यात आधी विचारतो, टप्पा कुठे पडला?

टप्पा लेगस्टंपच्या बाहेर पडला असेल तर पुढचं काही बघायचंच नाही, नाबाद. आता गंमत बघा. ऑफस्पिनरचा चेंडू डावखुऱ्यासाठी बाहेर वळतो. ओव्हर द विकेट टाकला तर त्याचा कोनही बाहेर नेणाराच असतो. म्हणजे असा वळलेला चेंडू स्टंपवर जायचा तर टप्पा बहुधा लेगस्टंपबाहेरच पडणार, आणि तिथे अपील फुकट. म्हणून ऑफस्पिनर डावखुऱ्याला राउंड द विकेट येतो. तिथून चेंडू आत येतो, टप्पा स्टंपसमोर पडतो आणि वळून सरळ होतो. टप्पा, पॅड, स्टंप, तिन्ही एका रेषेत.

ऑफस्टंपबाहेरच्या टप्प्याचं मात्र तसं नाही. पूर्वी तिथेही फलंदाज सुरक्षित होता, कारण टप्पा दोन्हीकडच्या स्टंपांच्या सरळ पट्ट्यातच पडायला हवा होता. आत वळणारा चेंडू खुशाल पॅडने अडवायचा. त्या पॅड-प्लेला कंटाळून १९३५ साली प्रयोग म्हणून ऑफबाहेरचा टप्पा चालवून घेतला आणि १९३७ मध्ये तो नियमच झाला. पण चेंडू पायाला लागताना स्टंपांच्या रेषेत हवा, ही अट राहिली. ती फटका न खेळणाऱ्याला लागू नाही, हे पुढे १९७० च्या दशकात ठरलं. माझ्या मते ते योग्यच झालं, बॅट खांद्यावर ठेवून पाय पुढे करणाऱ्याची दया कशाला? आणि हो, "पाय लांब पुढे टाकला की पायचीत देत नाहीत" असं नियमात कुठेही नाही. अंतर वाढलं की अंदाज कठीण होतो, एवढंच.

या सगळ्यात एक साधी गोष्ट विसरली जाते. चेंडू आधी बॅटला लागला तर पायचीत नाही, कड कितीही बारीक असो. याच जामठ्यावर २९ जानेवारी २०१७ ला ट्वेंटी-ट्वेंटीत इंग्लंडला शेवटच्या षटकात आठ धावा हव्या होत्या. बुमराच्या पहिल्याच चेंडूवर रूटच्या बॅटची आतली कड लागून चेंडू पॅडवर गेला आणि अंपायरचं बोट वर गेलं. तेव्हा आंतरराष्ट्रीय ट्वेंटी-ट्वेंटीत डीआरएस नव्हतं, त्यामुळे दाद मागायची सोयच नव्हती. इंग्लंड पाच धावांनी हरलं. डीआरएस या प्रकारात आलं ते त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून.