चरकाच्या चक्राचे दाते

* धाराशिवकडच्या एखाद्या रसवंतीच्या चरकाचे तुटलेले सरळ दात्यांचे गिअर कॅडमध्ये नव्याने काढायचे, तर आधी मोड्यूल शोधावे लागते: बाहेरचा व्यास भागिले (दाते अधिक २). समजा १८ दाते, व्यास ८० मिमी. तर मोड्यूल ४, पिच व्यास ७२. जोडीदाराला ३६ दाते असतील, तर शाफ्टमधले अंतर १०८ मिमी हवे. ते चरकावरच मोजावे. झिजलेल्या दात्यांचा व्यास खोटे सांगतो. दात्याची कड मात्र कंपासने काढू नये. २० अंशांच्या दाबकोनाला पायाचे वर्तुळ ६७.६६ मिमीचे, त्यावर गुंडाळलेला दोरा ताणून उलगडताना टोक जी रेषा आखते, ती इन्व्होल्यूट. अशा कडा असल्या की शाफ्ट किंचित दूर सरकले तरी वेगाचे गुणोत्तर ढळत नाही, दात्यांमधली मोकळीक तेवढी वाढते.