एकदाच वापरता येणारा परवाना : पेशी आपल्या डीएनएची प्रत दुसऱ्यांदा का काढत नाही

१९६३ साली फ्रान्स्वा जाकोब, सिडनी ब्रेनर आणि फ्रान्स्वा क्युझँ यांनी एक तर्क मांडला. जिवाणूच्या गुणसूत्रावर एक ठरावीक जागा असावी, आणि त्या जागेवर बसून प्रत काढण्याचे काम सुरू करून देणारे एक प्रथिन असावे. तेव्हा ना ती जागा कोणाच्या हाती होती, ना ते प्रथिन. पुढे ई. कोलाय या जिवाणूत दोन्ही सापडले. जागा अवघी २४५ अक्षरांची निघाली. तिला आपण 'उगम' म्हणू. प्रथिनाचे नाव डीएनए-ए. नावात गोंधळ आहे खरा, पण तो नाव ठेवणाऱ्यांचा.

काम सुरू होते ते असे. एटीपी हा ऊर्जावाहक रेणू धारण केलेली डीएनए-ए प्रथिने उगमावर एकमेकांना खेटून बसतात आणि डीएनएला पीळ देतात. शेजारीच ए आणि टी या अक्षरांनी भरलेला पट्टा असतो. ही जोडी तीनऐवजी दोनच हायड्रोजन बंधांनी जुळलेली असल्याने तो पट्टा आधी उसवतो. उसवलेल्या जागी धागे विलग करणारी यंत्रे चढतात, आणि वर्तुळाकार गुणसूत्रावर दोन विरुद्ध दिशांना निघतात.

आता थोडे गणित करू. हे गुणसूत्र सुमारे ४६ लाख अक्षरांचे आहे आणि प्रत्येक यंत्र सेकंदाला साधारण १००० अक्षरे उरकते. दोघांनी निम्मे निम्मे वाटून घेतले, तरी २३०० सेकंद, म्हणजे जवळजवळ ४० मिनिटे लागतात. परंतु उत्तम अन्न मिळाले की हा जिवाणू दर २० मिनिटांनी दुभंगतो! १९६८ साली स्टीफन कूपर आणि चार्ल्स हेल्मस्टेटर यांनी हे कोडे सोडवले : पहिली प्रत पुरी होण्याआधीच पुढची सुरू झालेली असते. एका पेशीत एकाच वेळी चार किंवा आठ उगम असू शकतात, आणि त्या सर्वांवर काम जवळपास एकाच क्षणी सुरू होते. मग नुकतीच प्रत निघालेला उगम लगेच पुन्हा सुरू का होत नाही?

उत्तर डीएनएवरील खुणांत आहे. 'जीएटीसी' अशी अक्षरे जेथे येतात, तेथे पेशी दोन्ही धाग्यांवर मिथिल गटाचा शिक्का मारते. उगमावर अशा ११ जागा आहेत. प्रत निघाली की जुन्या धाग्यावर शिक्का असतो, नव्यावर अजून नसतो. हा अर्धवट शिक्का ओळखणारे सेक-ए नावाचे प्रथिन उगमावर येऊन बसते आणि पेशीचक्राचा साधारण एकतृतीयांश काळ त्याला झाकून ठेवते. तेवढ्या अवधीत बरीचशी डीएनए-ए प्रथिने आपला एटीपी खर्चून थंड पडतात.

ही व्यवस्था बिघडली हे कळते कसे? क्षयरोगावरचे औषध म्हणून आपल्याला ठाऊक असलेले रिफाम्पिसिन पेशींना देतात. त्याने नवा आरंभ थांबतो, पण चालू असलेल्या प्रती पूर्ण होतात. पेशीविभाजनही रोखून मग प्रत्येक पेशीतील गुणसूत्रे मोजली, तर निरोगी पेशींत २, ४ किंवा ८ भरतात. शिक्का मारणारे एन्झाइम किंवा सेक-ए नसलेल्या पेशींत ३, ५, ६, ७ असे आकडे दिसू लागतात. कुठला तरी उगम एकाच चक्रात दोनदा चालला, कुठला तरी मागे राहिला, असा त्याचा अर्थ.

माणसाच्या पेशीत हीच अडचण कितीतरी पटींनी मोठी होते. आपले पहिले गुणसूत्र सुमारे २५ कोटी अक्षरांचे आहे आणि आपली यंत्रे फार संथ. वेग सेकंदाला ५० अक्षरे धरला आणि एकच उगम अगदी मध्यावर मानला, तर एका प्रतीला २९ दिवस लागतील. प्रत्यक्षात हे काम आठेक तासांत उरकते, कारण पेशी हजारो उगमांवरून एकाच चक्रात आरंभ करते. पण हे उगम एका वेळी सुरू होत नाहीत. काही लवकर, काही तासांनंतर. म्हणजे 'सुरू करा' हा हुकूम पेशीत तासन्‌तास घुमत असतो, आणि तरीही काम झालेल्या उगमाने तो ऐकायचा नसतो.

१९७० साली पोटु राव आणि रॉबर्ट जॉन्सन यांनी मानवी हेला पेशी एकमेकींत विलीन करून याचा थेट पुरावा दिला. प्रत काढत असलेल्या पेशीशी अजून सुरुवात न केलेली पेशी जोडली, तर दुसरीचे केंद्रक वेळेआधीच कामाला लागे. पण प्रत काढून झालेली पेशी जोडली, तर तिचे केंद्रक ढिम्म राही. पेशीद्रव एकच, हुकूम एकच. फरक केंद्रकात होता. माझ्या मते या विषयातला हा सर्वांत देखणा प्रयोग आहे.

हा फरक कशाचा, याचे उत्तर जूलियन ब्लो आणि रॉन लास्की यांनी १९८८ मध्ये झेनोपस या आफ्रिकी बेडकाच्या अंड्यांतून शोधले. अंड्यांचा अर्क काढून त्यात शुक्रपेशींचे डीएनए घातले, की परीक्षानळीत केंद्रके तयार होतात आणि आपली प्रत एकदाच काढतात. अशी केंद्रके ताज्या अर्कात हलवली तरी काही घडत नाही. पण केंद्रकाच्या आवरणाला भोके पाडून मग ती ताज्या अर्कात ठेवली, तर प्रत पुन्हा निघते. पेशीविभाजनातून जाऊ दिले, तरीही तेच. तेव्हा आवरण आपोआपच विरघळते. यावरून त्यांनी अनुमान केले : एक 'परवाना' बाहेर पेशीद्रवात आहे, तो आवरण ओलांडू शकत नाही, आणि प्रत काढताना तो खर्च होतो. परवाना म्हटल्यावर आपल्याला १९९१ पूर्वीचे परवानाराज आठवेल. पण येथे नूतनीकरणाची खिडकी चक्रातून एकदाच उघडते.

अनुमानाचा गाभा टिकला, तपशील बदलला. यीस्टमध्ये केंद्रकाचे आवरण विभाजनातही फुटत नाही, तरी नियम तोच. तेव्हा आवरण हे सर्वसाधारण उत्तर असू शकत नव्हते. आज चित्र असे आहे. परवाना म्हणजे उगमावर चढवलेली एमसीएम प्रथिनांची दोन कडी. ती ओआरसी, सीडीसी-६ आणि सीडीटी-१ ही प्रथिने मिळून चढवतात, पण सीडीके या एन्झाइमची पातळी खाली असेल तेव्हाच. सीडीके वाढले की तेच एन्झाइम चढलेल्या कड्यांना चालना देते आणि नवी कडी चढवणेही बंद पाडते. चालू झालेली कडी डीएनएवरून पुढे सरकत जातात. उगम रिकामा होतो आणि विभाजन संपेपर्यंत रिकामाच राहतो. प्राण्यांत शिवाय जेमिनिन नावाचे प्रथिन सीडीटी-१ला जखडून ठेवते.

कुलपे इतकी का? यीस्टमध्ये २००१ साली जोआकिम ली यांच्या प्रयोगशाळेने ओआरसी, एमसीएम आणि सीडीसी-६ या तिन्हींवरचे निर्बंध एकदम काढले, तेव्हा कुठे दुबार प्रत ठळकपणे दिसली. मानवी पेशींच्या काही प्रकारांत मात्र जेमिनिन काढून टाकणेही पुरते. मग पेशीतील डीएनए दुपटीच्याही पुढे जाते, एकामागून निघालेली यंत्रे एकमेकांवर आदळतात आणि डीएनएचे धागे तुटू लागतात.

या बंदोबस्ताची किंमतही आहे. काम सुरू झाल्यावर एखादे यंत्र वाटेत अडकले, तरी पेशीला नवा परवाना देता येत नाही. म्हणून ती आधीच गरजेपेक्षा कितीतरी जास्त कडी चढवून ठेवते. बहुतेक कडी न वापरताच काढली जातात. शेजारचे यंत्र बंद पडले, तर मात्र त्यांतलेच एखादे जागे होऊन उरलेला पट्टा पुरा करते.