परदेशी स्पॉन्सरचे ३०० डॉलर खात्यात येईपर्यंत किती उरतात?

माझ्या चॅनलला पहिला परदेशी स्पॉन्सर मिळाला तेव्हा ठरलेली रक्कम होती ३०० डॉलर. मी गुगलवर दर बघितला, गुणाकार केला आणि त्या हिशोबाने नवा माईक पसंत करून ठेवला. पैसे आले तेव्हा दोन हजारांपेक्षा जास्त कमी होते. स्पॉन्सरला विचारलं, तर तो म्हणाला, "मी पूर्ण ३०० पाठवलेत." तो खरंच बोलत होता.

हे पैसे मधल्या मध्ये जातात कुठे, ते बघू. सोपं जावं म्हणून १ डॉलर = ८५ रुपये धरूया. म्हणजे ३०० डॉलरचे २५,५०० रुपये व्हायला हवेत.

आधी बँक ट्रान्सफर. स्पॉन्सरला तुम्ही खात्यावरचं नाव, खाते नंबर आणि बँकेचा SWIFT कोड देता (IFSC कोड देशातल्या व्यवहारांसाठी असतो). पण त्याची बँक आणि तुमची बँक यांचं एकमेकींकडे खातं नसेल, तर पैसे मधल्या एखाद्या बँकेतून येतात आणि ती आपला चार्ज रकमेतूनच कापते. समजा २० डॉलर गेले. उरले २८०. आता तुमची बँक डॉलरचे रुपये करते, पण गुगलवरच्या दराने नाही, स्वतःच्या दराने. तो ८३.५० धरला तर २३,३८० रुपये होतात. त्यातून बँकेचा चार्ज, समजा २०० रुपये आणि त्यावर १८% GST, म्हणजे २३६. शिवाय चलन बदलण्यावर वेगळा GST लागतो. २५ हजारांपर्यंतच्या रकमेला तो ४५ रुपये असतो. हातात आले २३,०९९. म्हणजे २,४०१ रुपये कमी.

यात सगळ्यात लबाड भाग दराचा आहे. चार्ज निदान स्टेटमेंटमध्ये दिसतो, दरातला फरक कुठेच लिहिलेला नसतो. तो स्वतः काढायचा: बँकेच्या पावतीवर किती डॉलर पोचले ते बघा, चार्ज कापण्याआधीच्या रुपयांना त्या आकड्याने भागा आणि येणारा दर त्याच दिवशीच्या बाजारभावाशी ताडून बघा.

आता पेपल. तिथे परदेशातून आलेल्या व्यावसायिक पेमेंटवर ४.४% आणि वर ०.३० डॉलर फी धरा. ३०० वर ती १३.५० होते, उरतात २८६.५०. चलन बदलताना बाजारभावापेक्षा ४% कमी दर मिळाला, म्हणजे ८१.६०, तर साधारण २३,३७८ रुपये येतात. बँकेपेक्षा पावणेतीनशे रुपये जास्त. फारसा फरक नाही!

पण रक्कम बदलली की चित्र पालटतं. बँकेची कपात बरीचशी ठरावीक असते, पेपलची टक्क्यांत. त्याच दरांनी ५० डॉलर मागवले तर बँकेतून २,२२४ रुपये मिळतील आणि पेपलमधून ३,८७६. उलट १,००० डॉलर असतील तर बँकेतून साधारण ८१,४४७ आणि पेपलमधून ७७,९८५. म्हणून छोट्या रकमा मी बँकेत मागवतच नाही. स्पॉन्सर दर महिन्याला थोडे थोडे देणार असेल, तर तीन महिन्यांचे एकदम द्यायला सांगतो.

मधल्या बँकेची कपात टाळता येते का? बऱ्याचदा येते. पैसे पाठवताना फॉर्मवर चार्ज कोणी भरायचा याचे पर्याय असतात: OUR म्हणजे सगळा पाठवणाऱ्याचा, SHA म्हणजे दोघांत वाटून, BEN म्हणजे सगळा तुमच्या माथी. मी आता इनव्हॉइसवरच लिहितो:

```
Bank charges: OUR
Amount to be received: USD 300
```

हे पैसे पाठवण्याआधी ठरवायचं, नंतर भांडून उपयोग नसतो. कमी डॉलर आलेच, तर स्पॉन्सरकडून पेमेंटची कॉपी मागा. त्यात SHA दिसलं, की गळती कुठे झाली याचा अंदाज येतो. तुमच्या बँकेचा दर आणि चार्ज मात्र OUR लिहूनही सुटत नाही.

आणखी एक गोष्ट, जिच्यामुळे माझे पैसे पाच दिवस अडकले होते. पैसे आल्यावर बँक विचारते, हे कशाचे? उत्तर पर्पज कोडमध्ये द्यायचं. जाहिरातीच्या कामासाठी P1007 आहे. बँकेचा तो ईमेल माझ्या स्पॅममध्ये पडून होता. लवकर सुटावं म्हणून काही जण P1301 निवडतात, पण तो कुटुंबाच्या खर्चासाठी घरच्यांनी पाठवलेल्या पैशांचा कोड आहे. कमाईला तो लावू नका, कारण इन्कम टॅक्सच्या वेळी कागद आणि उत्पन्न जुळणार नाही. पैसे जमा झाले की बँकेकडून FIRA मागून घ्या. परदेशातून पैसे आल्याचा तो पुरावा असतो. पेपल वापरत असाल तर तिथेही तो मिळतो का ते बघा आणि इनव्हॉइससोबत एकाच फोल्डरमध्ये ठेवा.

माईक मी दोन महिन्यांनी घेतला. हल्ली स्पॉन्सरला आकडा सांगताना आधी हातात किती हवेत ते रुपयांत ठरवतो आणि मग मागे हिशोब करत डॉलरवर येतो.