परिव्यय केंद्र, परिव्यय एकक व परिव्ययाचे वर्गीकरण

परिव्यय लेखांकनातील मूलभूत संकल्पना. खर्च जिथे गोळा करून मांडतात ते परिव्यय केंद्र आणि ज्या मापावर तो शेवटी बसवतात ते परिव्यय एकक. वाशिम जिल्ह्यात तूर हे खरिपाचे महत्त्वाचे पीक असल्याने येथे तूरडाळीच्या दालमिलचे उदाहरण घेतले आहे. त्यातील आकडे समजुतीपुरते आहेत.

केंद्रे : तूर चाळतात, तेल-पाणी लावून वाळवतात, भरडतात आणि डाळ पोत्यांत भरतात. ही चार उत्पादन केंद्रे होत. यंत्रदुरुस्ती हे सेवा केंद्र. तिचा खर्च प्रत्येक केंद्रासाठी लागलेल्या दुरुस्तीच्या तासांप्रमाणे उत्पादन केंद्रांवर वाटतात. वाळवण कच्चे राहिले तर साल सुटत नाही, माल पुन्हा भरडावा लागतो आणि तुकडा वाढतो. अशा वेळी वाढीव खर्च भरडाईवर दिसतो, पण दोष वाळवणीत असतो. म्हणून केंद्राचा खर्च वाढला की आधीच्या केंद्राचे कामही तपासावे लागते.

एकक : एका महिन्यात ५०० क्विंटल तुरीपासून ३५० क्विंटल डाळ निघाली. तुरीचे ३५,००,००० रुपये, बदलता खर्च ७५,००० आणि स्थिर खर्च ७०,००० रुपये. चुनी-भुशीच्या विक्रीचे १,८०,००० रुपये वजा केल्यावर ३४,६५,००० रुपये उरतात. विकायची वस्तू डाळ असल्याने एकक एक क्विंटल डाळ हेच. परिव्यय ९,९०० रुपये. याच रकमेला ५०० ने भागले तर ६,९३० रुपये येतात आणि त्या आधाराने ठरवलेला डाळीचा भाव तोट्यात नेतो.

वर्गीकरण : एकाच खर्चाला तीन प्रश्न विचारतात. स्वरूपानुसार तो सामग्री, श्रम की इतर खर्च? कार्यानुसार उत्पादन, प्रशासन की विक्री-वितरण? वर्तनानुसार स्थिर, बदलता की अर्धबदलता? मुनीमाचा महिन्याचा पगार श्रम, प्रशासन आणि स्थिर या गटांत बसतो. भरडाईवरील मजुराला क्विंटलमागे दिलेली मजुरी मात्र श्रम, उत्पादन आणि बदलता खर्च ठरते. वीजबिलात स्थिर आकार व वापरलेल्या युनिटांचे पैसे दोन्ही असल्याने ते अर्धबदलते. वरील हिशेबात त्याचे दोन भाग करून ते आपापल्या गटांत धरले आहेत.

वर्तनाचा परिणाम : पुढच्या महिन्यात तूर निम्मीच मिळाली तर तुरीची किंमत, बदलता खर्च आणि चुनी-भुशीचे उत्पन्न निम्मे होते. स्थिर खर्च ७०,००० रुपयेच राहतो. त्याचा क्विंटलमागचा भार २०० वरून ४०० रुपयांवर जातो आणि परिव्यय १०,१०० रुपये होतो. एकूण स्थिर खर्च न बदलताही एककाचा परिव्यय वाढतो तो असा.

मर्यादा : खर्चाची स्थिरता ठरावीक क्षमतेपुरतीच असते. माल वाढून दुसरे गोदाम भाड्याने घ्यावे लागले, की स्थिर खर्च एकदम वरच्या पायरीवर जातो आणि हिशेब नव्याने मांडावा लागतो.