एका चलनावरची दोन घराणी

फ्लॅटच्या करारनाम्याला जोडलेलं चलन एकदा निवांत वाचून पाहा. त्यावर दोन ओळी असतात, एक मुद्रांक शुल्काची आणि दुसरी नोंदणी फीची. बोलताना आपण दोन्ही मिळून 'रजिस्ट्रेशनचा खर्च' म्हणतो. पण या दोन ओळींची घराणी वेगळी आहेत.

मुद्रांकाचं घराणं युद्धखर्चातून आलं. सतराव्या शतकात हॉलंडला तिजोरीसाठी नवा कर हवा होता. 1624 मध्ये तिथे सरकारी छापाच्या कागदाची सक्ती झाली: व्यवहार कुणाचाही असो, तो छापाच्या कागदावर लिहायचा आणि छापाचे पैसे सरकारला द्यायचे. इंग्लंडने 1694 मध्ये हीच युक्ती फ्रान्सविरुद्धच्या लढाईसाठी उचलली, तीही चार वर्षांपुरती म्हणून! कंपनी सरकारने ती 1797 मध्ये बंगालमध्ये आणली. आज आपल्याकडे चालतो तो महाराष्ट्र मुद्रांक अधिनियम 1958 सालचा. यात सरकार तुम्हाला काही देणं लागत नाही. दस्त झाला, कर भरा, एवढंच.

नोंदणीचं घराणं भांडणातून आलं. एकच जमीन दोघांना विकायची, जुनं गहाण लपवायचं, हे धंदे तेव्हाही जोरात होते. 1793 च्या बंगाल नियमावलीत दस्तांसाठी नोंदणी कचेऱ्या आल्या. पुढच्या माणसाला आधीचा व्यवहार पाहता यावा, हा त्यामागचा हेतू. 1908 चा नोंदणी कायदा याच वंशातला. इथे पैसे सेवेचे आहेत: दुय्यम निबंधक ओळख पटवतो, फोटो आणि अंगठा घेतो, दस्त जपून ठेवतो आणि सूची क्रमांक 2 मध्ये त्याची नोंद होते.

हा फरक आकड्यांतही दिसतो. समजा मुंबईत फ्लॅट 90 लाखांना ठरला, पण रेडी रेकनरप्रमाणे त्याची किंमत 96 लाख निघते. दोन्हींत जास्त ती किंमत धरायची. मुद्रांक शुल्क, मेट्रोच्या अधिभारासह 6 टक्के धरलं, तर 5,76,000 रुपये. नोंदणी फी 1 टक्क्याने 96,000 व्हायला हवी, पण तिला 30,000 ची कमाल मर्यादा आहे, म्हणून 30,000. फ्लॅट दोन कोटींचा असला तरी तेवढेच, कारण दस्त स्कॅन करून ठेवायला दुप्पट कष्ट पडत नाहीत. कराला असं छत नाही.

दोघांची घड्याळंही वेगळी. मुद्रांक शुल्क सही करण्याआधी, त्याच वेळी किंवा फार तर पुढच्या कामाच्या दिवशी भरायचं. नोंदणीला सहीपासून चार महिने मिळतात. 2020 मध्ये हे अगदी स्वच्छ दिसलं. करोनाच्या मंदीत सरकारने मुंबईत शुल्क 5 वरून 2 टक्क्यांवर आणलं, पण 31 डिसेंबरपर्यंतच. नोंदणी कार्यालयांसमोर झुंबड उडाली. मग सरकारने सांगितलं की डिसेंबरअखेर शुल्क भरून सह्या केल्या असतील, तर नोंदणी पुढच्या चार महिन्यांत केली तरी चालेल. गर्दीवरचा हा तोडगा नवा नव्हता, कायद्यात तो आधीपासून बसलेला होता. लोकांना मात्र ती मोठी सवलत वाटली.

चूक कुठे झाली त्यावर दुखणं ठरतं. शुल्क कमी भरलं, तर दस्त कोर्टात पुरावा म्हणून वाचला जात नाही, पण थकबाकी आणि दंड भरला की तो पुन्हा उभा राहतो. जुन्या सोसायट्यांत पाच-दहा रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर झालेले करारनामे याच आजाराचे. 1980 ते 2020 मधल्या दस्तांसाठी डिसेंबर 2023 मध्ये अभय योजना आली ती यांच्यासाठीच. नोंदणी चुकली तर मात्र प्रकरण अवघड. चार महिने उलटले तर आणखी चार महिन्यांपर्यंत, फीच्या दहापटीपर्यंत दंड भरून दस्त नोंदवता येतो. तेही गेले, तर तोच कागद नोंदवायला घेत नाहीत. मग विकणाऱ्याला पुन्हा गाठून कन्फर्मेशन डीड करावं लागतं. विकणारा वारला असेल किंवा परदेशी गेला असेल, तर काय होतं ते वकिलांना विचारा.

म्हणून जुना फ्लॅट घेताना कागदपत्रांत दोन गोष्टी वेगवेगळ्या तपासा: भरलेलं शुल्क, आणि दस्ताचा क्रमांक व सूची 2. 'स्टॅम्प भरलाय' एवढ्यावर भागवू नका, कारण त्यावरून सरकारला पैसे मिळाले एवढंच कळतं.

या दोन घराण्यांचा राज्यातला कारभारी मात्र एकच. पुण्यात बसणाऱ्या त्या अधिकाऱ्याचं पदनाम आहे 'नोंदणी महानिरीक्षक व मुद्रांक नियंत्रक'.