दोन्ही बाजू मांडणे म्हणजे अर्धे अर्धे वाटणे नव्हे

जयंतीच्या निबंधस्पर्धेचे कागद सध्या शाहूपुरीत माझ्यापुढे आहेत. विषय 'गांधी-आंबेडकर वाद'. बरेच निबंध एआयकडून लिहून घेतलेले दिसतात. भाषा शुद्ध, आवाज सगळ्यांचा एकच, आणि शेवट ठरलेला: दोघांचेही योगदान मोलाचे, मार्ग वेगळे, ध्येय एकच. पण भांडण कशावर होते, ते निबंधात कुठेच नाही!

ते १९३६ सालचे आहे. लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाने बाबासाहेबांना अध्यक्ष म्हणून बोलावले. भाषण वाचल्यावर मंडळी बिचकली. वेदांचा उल्लेख टाळा, हिंदू धर्माच्या पायावर घाव घालणारा शेवटचा भाग गाळा, असा त्यांचा आग्रह होता. म्हणजे थोडे सौम्य करा. बाबासाहेबांनी कळवले की स्वल्पविरामही बदलणार नाही. परिषद रद्द झाली. त्यांनी भाषण स्वखर्चाने छापले. १५०० प्रतींची आवृत्ती दोन महिन्यांत संपली.

जुलैमध्ये गांधींनी 'हरिजन'मध्ये त्यावर टीका केली. (आठ आणे किंमत जास्त आहे, हेही लिहिले.) १९३७च्या दुसऱ्या आवृत्तीत बाबासाहेबांनी गांधींचा तो लेख परिशिष्ट म्हणून छापला आणि पुढे उत्तर दिले. विरोधकाचे म्हणणे आपल्याच पुस्तकात, आपल्याच खर्चाने. एवढे करूनही निष्कर्ष मात्र अर्धा अर्धा केला नाही.

उत्तराची रीत बघा. आधी गांधींचे मुद्दे एकेक करून मांडले, मग एकेक घेतला. गांधींचे म्हणणे होते की बाबासाहेबांनी दिलेली वचने अस्सल शास्त्र मानता येत नाहीत आणि धर्म त्याच्या उत्तम अनुयायांवरून, संतांवरून जोखावा. बाबासाहेब म्हणतात, वचन अस्सल की प्रक्षिप्त, हा फरक सामान्य माणसाला ठाऊकच नाही. शास्त्र जात पाळायला सांगते, हे त्याला शिकवले गेले आणि तो तसे वागतो. संतांबद्दलही तेच. देवापुढे सगळे समान, असे त्यांनी सांगितले. माणसामाणसांत समता हवी म्हणून जातीविरुद्ध मोहीम उघडली नाही. इथे 'दोघांचेही बरोबर' म्हणायला जागाच उरत नाही. शास्त्राचा अधिकार मोडल्याशिवाय जात जाईल की नाही? हो म्हणा किंवा नाही म्हणा.

यंत्राचा निबंध हा प्रश्नच येऊ देत नाही. त्यात 'काही विचारवंतांच्या मते' असते. नाव नसते, वचन नसते, त्यामुळे खोडायलाही काही नसते. ओळखायचे असेल तर शेवटच्या परिच्छेदातली दोन नावे काढून टिळक-आगरकर घाला. परिच्छेद तसाच चालला, तर तो कुणाबद्दलच लिहिलेला नाही.

याचा अर्थ शिवीगाळ करा असा नाही. बाबासाहेबांचे उत्तर बोचरे आहे, पण प्रत्येक टोचणीला मागे मुद्दा आहे. उद्या एखाद्या पोराने गांधींची बाजू घेऊन संतांचा मुद्दा नेटाने लढवला, तर मी त्याला गुण देईन आणि मग त्याच्याशी भांडेन. त्या गुळगुळीत कागदांवर मात्र मी एकच शेरा मारून परत पाठवतोय: 'तुझे मत काय?'