सैनिक स्कूल प्रवेश परीक्षेचे क्लास (सातारा, सांगली)

देशातील पहिले सैनिक स्कूल २३ जून १९६१ रोजी साताऱ्यात सुरू झाले. त्याच्या सहावी व नववीच्या प्रवेश परीक्षेची तयारी करून घेणारे हे खासगी क्लास. पुढे सांगली जिल्ह्यातील एका खासगी शाळेलाही सैनिक स्कूल सोसायटीची मान्यता मिळाली आणि तिथल्या पालकांचे लक्षही याच परीक्षेकडे वळले. क्लासला येणारी बहुतेक मुले पाचवीतली असतात, कारण सहावीच्या प्रवेशासाठी ३१ मार्च रोजी वय १० ते १२ वर्षे असावे लागते.

सहावीच्या पेपरात १२५ प्रश्न, ३०० गुण आणि अडीच तास वेळ असतो. गणिताच्या ५० प्रश्नांना प्रत्येकी ३ म्हणजे १५० गुण. बुद्धिमत्ता, भाषा व सामान्य ज्ञान यांचे प्रत्येकी २५ प्रश्न, दर प्रश्नाला २ गुण. निम्मे गुण गणिताचे असल्याने क्लासचे वेळापत्रकही साहजिकच गणिताकडे झुकते. मात्र याच झुकत्या मापात हुशार मुले अडकतात. खुल्या व इतर मागास प्रवर्गातील उमेदवाराला एकूण ४० टक्के गुण तर लागतातच, शिवाय प्रत्येक विषयात किमान २५ टक्केही लागतात. समजा, एखाद्या मुलाला गणितात ९०, बुद्धिमत्तेत ४०, भाषेत ३६ आणि सामान्य ज्ञानात १० गुण पडले. एकूण १७६, म्हणजे ५८ टक्क्यांहून अधिक. तरीही सामान्य ज्ञानात ५० पैकी १३ गुणांची मर्यादा न गाठल्याने तो अपात्र ठरतो. आणखी दोन उत्तरे बरोबर आली असती तर तो पात्र ठरला असता. म्हणून सराव परीक्षेचा निकाल विषयवार मांडणारा क्लास अधिक भरवशाचा. नुसती एकूण बेरीज दाखवली तर हा धोका पालकांच्या लक्षातच येत नाही.

चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडू नये. उत्तरे ओएमआर पत्रिकेवर गोल रंगवून द्यायची असतात. एक प्रश्न सोडून पुढे गेलेले मूल पुढचे सगळे गोल एक घर चुकवते. ही चूक वहीतल्या सरावात कधीच दिसत नाही. त्यासाठी खऱ्या पत्रिकेसारख्या कागदावर, घड्याळ लावून सराव घ्यावा लागतो.

माध्यमाचा प्रश्न नववीच्या वेळी उभा राहतो. सहावीचा पेपर मराठीतून देता येतो, नववीचा फक्त इंग्रजीतून. सहावीची संधी हुकलेल्या मराठी शाळेतील मुलासाठी नववीची तयारी म्हणजे आधी इंग्रजीची तयारी असते.

लेखी परीक्षेनंतर गुणवत्तेनुसार निवडलेल्यांची वैद्यकीय तपासणी होते. त्या टप्प्यावर क्लासचा उपयोग नसतो. म्हणून मुलाची दृष्टी व श्रवण फी भरण्यापूर्वीच डॉक्टरांकडून तपासून घ्यावे.